६० किलोडाल्टनला आलं म्हणून डायमर?

प्रश्न: माझं शुद्ध केलेलं प्रोटीन एसडीएस जेलवर ३१ किलोडाल्टनला दिसतं (सीक्वेन्सवरूनही तेवढंच येतं), पण सुपरडेक्स २०० कॉलमवर ६० च्या जागी येतं. डायमर समजू का? शिवाय ८ मिलीच्या आसपास एक छोटा पीक आहे, तो कसला?

उत्तर:

इतक्यात डायमर म्हणू नका. मी एकदा असाच आकडा पाहून ग्रुप मीटिंगमध्ये डायमरचं चित्र काढून मोकळा झालो आणि पुढचे चार महिने त्या चित्राला शोभतील असे म्यूटंट बनवत बसलो. शेवटी लाइट स्कॅटरिंगवर मोजलं, तर निघाला मोनोमर. नुसता लांबुडका.

मुळात कॉलमला वजन कळतच नाही. रेझिनच्या मण्यांना छिद्रं असतात. छोटा रेणू त्यांत शिरून रेंगाळतो, मोठा बाहेरच्या बाहेर निघून जातो. कोण किती शिरणार हे रेणू पाण्यात किती पसरलेला आहे, म्हणजे त्याचा स्टोक्स रेडियस किती, यावर ठरतं. कॅलिब्रेशनची स्टँडर्ड प्रोटीन्स मात्र बहुतेक घट्ट, गोलसर असतात. त्यामुळे त्यांच्या रेघेवरून काढलेलं वजन म्हणजे 'तुमच्या प्रोटीनएवढी जागा व्यापणाऱ्या गोलसर प्रोटीनचं वजन', त्याहून जास्त काही नाही.

आकड्यांत बघू. समजा २४ मिलीच्या कॉलमवर अल्डोलेज (१५८ किलोडाल्टन) १२.८ मिलीला, कोनाल्ब्युमिन (७५) १४.२ ला आणि ओव्हाल्ब्युमिन (४४) १५.२ ला आलं. वजनाचा लॉग घेतला की हे तिन्ही बिंदू जवळपास एका सरळ रेघेवर बसतात. या रेघेवर १४.६ मिली म्हणजे ६० किलोडाल्टन, आणि ३१ चा गोलसर मोनोमर यायला हवा १५.९ च्या आसपास. म्हणजे सगळा वाद सव्वा-दीड मिलीचा आहे, आणि एवढा फरक एखादी लांब, न गुंडाळलेली शेपूटसुद्धा पाडू शकते. तुमच्या सीक्वेन्समध्ये असा सैल भाग किंवा लांब लिंकर आहे का, ते आधी बघा.

मग सर्वांत स्वस्त प्रयोग करा. तेच प्रोटीन, त्याच बफरमध्ये, एकदा २ मिग्रॅ/मिली आणि एकदा ०.१ मिग्रॅ/मिली, दोन्ही वेळा १०० मायक्रोलिटर टाका. विरळ नमुन्यात २८० नॅनोमीटरला सिग्नल दिसला नाही तर, बफर आडवा येत नसेल तर, २२० ला बघा. विरळ केल्यावर पीक १५.९ कडे सरकला आणि पसरट झाला, तर डायमर आहे आणि तो सुटतोय. जागचा हललाच नाही, तर मात्र काहीच सिद्ध होत नाही: घट्ट डायमर आणि लांबुडका मोनोमर इथे सारखेच वागतात. तो निकाल कॉलमला जोडलेल्या लाइट स्कॅटरिंग डिटेक्टरनेच लावावा, कारण तो पीकमधलं वजन थेट मोजतो, पीक कुठे आला याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. सोय नसेल तर अल्ट्रासेंट्रिफ्यूज.

बफरमध्ये १५० मिलिमोलर मीठ आहे ना? मीठ कमी असेल तर प्रोटीन रेझिनला किंचित चिकटतं आणि उशिरा येतं, म्हणजे खऱ्याहून लहान भासतं. स्टँडर्डही त्याच बफरमध्ये चालवा.

आता तो ८ मिलीचा पीक. ब्लू डेक्स्ट्रान टाकून पाहिलंत तर तेही बहुधा तिथेच येईल, कारण ते व्हॉइड आहे: छिद्रांत अजिबात न शिरणारं सगळं एकाच दारातून बाहेर पडतं. म्हणून त्या पीकला वजन लावत बसू नका. आधी २६० आणि २८० चं गुणोत्तर बघा. शुद्ध प्रोटीनला ते ०.६ च्या जवळपास असतं. दीडच्या वर गेलं तर तिथे मुख्यतः डीएनए-आरएनए आहे. तसं नसेल तर ॲग्रिगेट धरा, पण पीकच्या क्षेत्रफळावरून लगेच टक्केवारी सांगू नका. मोठे कण प्रकाश विखुरतात आणि डिटेक्टर ते शोषण म्हणून मोजतो. ३५० नॅनोमीटरलाही उंचवटा दिसला तर हेच चाललंय असं समजा.

मुख्य पीकचा फ्रॅक्शन गोळा करून दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवा आणि पुन्हा चालवा. व्हॉइडचा पीक परत उगवला तर प्रोटीन ठेवल्या जागी गोळा होतंय, मग बफर किंवा तीव्रता बदलावी लागेल. नाही उगवला तर ती घाण शुद्धीकरणातूनच आली होती, फ्रॅक्शन वेगळे केलेत की झालं. (प्रोटीन साठवताना याहून बरंच दाट करणार असाल, तर हा प्रयोग त्या तीव्रतेवर करा.)

आणि एक हिशोब बहुतेक जण विसरतात: टाकलं किती आणि बाहेर आलं किती. कॉलमवर घालण्याआधी आपण नमुना सेंट्रिफ्यूज करतो, गाळतो. सर्वांत मोठे गोळे तिथेच तळाशी बसतात, काही कॉलमच्या वरच्या फ्रिटवर अडकतात, आणि क्रोमॅटोग्राम मात्र एकाच देखण्या पीकचा दिसतो. २०० मायक्रोग्रॅम टाकून ११० च आले, तर उरलेले ९० कुठे गेले ते आधी शोधा, मग 'ॲग्रिगेशन नाही' असं लिहा.