माझी वाक्ये लांबलचक, एकसुरी होतात. अर्थ न बदलता ती कशी तोडू?

क्रिया जिथे खरोखर संपते तिथे ‘-ऊन’, ‘-ल्यावर’ काढून पूर्ण क्रियापद ठेवा. मराठीत साखळी बहुधा याच रूपांनी लांबते. संपादन करताना मी आधी तीच शोधतो.

मूळ: ‘पाऊस थांबल्यावर तो छत्री मिटून बाहेर येऊन थांब्यावर जाऊन उभा राहिला, पण बस निघून गेली होती.’

बदल: ‘पाऊस थांबला. छत्री मिटून तो बाहेर आला आणि थांब्यावर जाऊन उभा राहिला. पण बस निघून गेली होती.’

सगळीच वाक्ये तोडू नका, तुटकपणाही एकसुरीच वाटतो. मधले म्हणूनच लांब ठेवले. मात्र ‘थांबल्यामुळे’ असते, तर नुसत्या पूर्णविरामाने कारण हरवले असते. तिथे दुसरे वाक्य ‘म्हणून’ने सुरू करा.