निरोपाचे पत्र आणि कार्यभाराची यादी

आदरणीय ताई,
मी कर्वेनगरमधील अठ्ठेचाळीस सदनिकांच्या एका गृहनिर्माण सोसायटीचा पंधरा वर्षे अध्यक्ष होतो. वय झाले, म्हणून या वेळी निवडणुकीला उभा राहिलो नाही. नवी समिती निवडून आली असून पुढच्या आठवड्यात सूत्रे द्यायची आहेत. सभासदांना निरोपाचे पत्र लिहायला बसलो आणि चार पाने झाली. डीम्ड कन्व्हेयन्स मार्गी लावला, बेचाळीस लाखांची शिल्लक ठेवली, पत्नीच्या आजारपणातही टाकीचे काम थांबू दिले नाही, हे सारे त्यात आहे. रंगकामात मी कमिशन खाल्ले असे एक सभासद दोन वर्षे बोलत आहेत, त्यांनाही उत्तर दिले आहे. शेवटी ‘केव्हाही हाक मारा, मी आहेच’ असे लिहिले आहे. पत्नी म्हणते, हे पत्र देऊ नका. सचिव म्हणतात, आभाराच्या दोन ओळी पुरेत. मी काय करावे?
— एक मावळते अध्यक्ष

सप्रेम नमस्कार.

पत्र अवश्य द्या, पण हे नव्हे. आपल्या पत्नीला जे खटकले, ते बहुधा रंगकामाचे पान असावे, आणि त्याबाबत त्यांचे म्हणणे मला पूर्ण पटते. सचिवांचे म्हणणे मात्र पटत नाही. पंधरा वर्षे एकाच माणसाच्या हातात कारभार असला, की सोसायटीची निम्मी माहिती कागदावर नसून त्या माणसाजवळ असते, आणि आभाराच्या दोन ओळींनी ती कोणाच्याच हाती लागत नाही.

आधी रंगकामाचे पाहू. त्या आरोपाने आपण किती दुखावला आहात हे मला समजते, आणि विनावेतन काम करणाऱ्या माणसाला पैशांवरून बोल लावला जाणे यासारखा दुसरा अपमान नाही, असे मी मनापासून मानते. पण आरोप एका सभासदाने केला आहे आणि पत्र अठ्ठेचाळीस घरांत जाणार आहे. ज्यांच्या कानावर ती गोष्ट कधी गेली नाही, त्यांना ती आपल्याच पत्रातून कळेल. शिवाय पत्र म्हणजे एका बाजूचे म्हणणे. त्याने कोणाची शंका फिटत नाही. शंका फिटते ती कागदांनी: मागवलेली दरपत्रके, त्यांचा तुलनात्मक तक्ता, समितीचा ठराव, कार्यादेश, झालेल्या कामाची मोजमापे, बिले आणि बँकेतून दिलेल्या रकमांच्या नोंदी. ही सगळी कागदपत्रे एका फाइलमध्ये लावा, ती पोच घेऊन नव्या सचिवांकडे द्या आणि पुढील सर्वसाधारण सभेत सभासदांना पाहण्यासाठी ठेवावी, अशी वेगळी लेखी विनंती करा. त्या सभेच्या इतिवृत्तात त्याची जी नोंद होईल, तेच आपले उत्तर. निरोपाच्या पत्रात त्या सभासदाचे नाव नको, आणि ‘काही जण’ असा मोघम उल्लेखही नको, कारण वाचणारा प्रत्येक जण ते कोण असावेत हेच शोधू लागेल.

आता ज्या वाक्याची मला सर्वांत अधिक काळजी वाटते, त्याकडे येते: ‘डीम्ड कन्व्हेयन्स मार्गी लावला.’ आपण ते अभिमानाने लिहिले आहे आणि तो अभिमान रास्तही आहे. परंतु वाचणारा सभासद त्याचा अर्थ ‘जमीन आपल्या नावावर झाली’ असा घेईल, नवी समितीही तोच घेईल, आणि मग ती फाइल वर्षानुवर्षे कोणी उघडणार नाही. डीम्ड कन्व्हेयन्स म्हणजे बिल्डरने जमीन नावावर करून दिली नाही, तर ती सरकारी आदेशाने सोसायटीच्या नावे करून घेणे, आणि हे काम टप्प्याटप्प्याने होते. जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करायचा, सुनावणी होऊन त्यांच्याकडून मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे डीम्ड कन्व्हेयन्सचाच, आदेश आणि प्रमाणपत्र मिळवायचे, त्यानंतर दस्ताचा मसुदा अभिनिर्णयासाठी, म्हणजे मुद्रांक शुल्क किती ते ठरवून घेण्यासाठी, मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे द्यायचा, शुल्क भरून दुय्यम निबंधकांकडे दस्त नोंदवायचा आणि शेवटी मिळकत पत्रिकेवर किंवा सातबाऱ्यावर सोसायटीचे नाव लावून घ्यायचे. अनेक सोसायट्या आदेश हाती आला की पेढे वाटतात आणि तिथेच थांबतात. काम पुरे झाले की नाही, हे ओळखण्याची खूण साधी आहे: आजचा ताजा उतारा काढून धारकाच्या रकान्यात कोणाचे नाव आहे ते पाहावे. तिथे अजून बिल्डरचे किंवा मूळ जमीनमालकाचे नाव असेल, तर काम मार्गावर आहे, मुक्कामाला पोहोचलेले नाही. पुढे पुनर्विकासाचा विषय निघेल तेव्हा पहिला प्रश्न याच उताऱ्यावरून विचारला जाईल.

म्हणून ते एक वाक्य काढून त्या जागी असे काही लिहा: ‘जिल्हा उपनिबंधकांचा आदेश अमुक तारखेस मिळाला. दस्ताचा मसुदा अभिनिर्णयासाठी अमुक तारखेस दाखल केला असून त्याचा निर्णय अद्याप आलेला नाही. दस्तनोंदणी आणि मिळकत पत्रिकेवरील नोंद ही दोन कामे बाकी आहेत. मूळ कागदपत्रे सोसायटीच्या कपाटात असून प्रती वकिलांकडे आहेत.’ तारखा आणि टप्पा अर्थातच आपल्या फाइलप्रमाणे. या चार वाक्यांत आपले श्रम आपोआप दिसतात, आणि उरलेले काम कोणी उचलायचे हेही कळते. पत्रातील प्रत्येक ‘केले’, ‘लावले’, ‘संपवले’ हा शब्द याच कसोटीवर तपासा; जिथे काम अर्धे आहे, तिथे ते अर्धे आहे असे लिहिण्यात कमीपणा नाही.

बेचाळीस लाखांच्या ओळीचेही तसेच आहे. केवळ ‘शिल्लक’ असे वाचले की पुढच्याच सभेत कोणीतरी उठून विचारेल, एवढे पैसे पडून असताना मेंटेनन्स कमी का करत नाही? त्या रकमेत सिंकिंग फंड किती, दुरुस्ती निधी किती आणि मोकळेपणाने वापरता येईल अशी रक्कम किती, हे वेगवेगळे लिहा. उपविधींप्रमाणे सिंकिंग फंड हा बांधकाम खर्चाच्या किमान ०.२५ टक्के दराने दरवर्षी जमवायचा असतो आणि तो इमारतीच्या पुनर्बांधणीसाठी किंवा मोठ्या संरचनात्मक कामांसाठी, सर्वसाधारण सभेच्या संमतीने वापरायचा असतो, हे एका वाक्यात सांगितले तर त्या निधीचे पुढेही रक्षण होईल. आकडा आठवणीतला देऊ नका; ३१ मार्चच्या लेखापरीक्षित ताळेबंदातील द्या आणि ती तारीख सोबत लिहा.

मात्र एक गोष्ट पत्रात मुळीच घालू नका, ती म्हणजे चाव्या, पासवर्ड, मुदत ठेवींचे क्रमांक यांसारखा तपशील. तो कार्यभाराच्या यादीत जातो, आणि ती यादी म्हणजे वेगळा दस्तऐवज. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १६० प्रमाणे नवे अध्यक्ष निवडून आल्यावर मावळत्या अध्यक्षांनी समितीच्या ताब्यातील सर्व कागदपत्रे आणि मालमत्ता त्यांच्याकडे सोपवायची असते. त्यांनी ती सोपवली नाही, तर निबंधक तसा लेखी आदेश देऊ शकतात. यादी दोन प्रतींत करावी, दोन्हींवर दोघांच्या सह्या घ्याव्यात आणि एक प्रत आपल्याजवळ ठेवावी. आपल्या समितीच्या काळातील निर्णयांची जबाबदारी पद सोडल्याने संपत नाही. उद्या एखादा कागद सापडेनासा झाला, तर ही सही केलेली प्रतच आपल्या कामी येईल.

सभासद नोंदवही, इतिवृत्ताच्या वह्या, भाग प्रमाणपत्रांचे पुस्तक, मंजूर नकाशे, भोगवटा पत्र हे यादीत येईलच. हमखास राहून जातो तो आपला मोबाइल क्रमांक. बँकेचे संदेश, ठेवीच्या मुदतपूर्तीची सूचना, महावितरणचे सामाईक मीटरचे बिल, महापालिकेच्या मिळकतकराचे खाते, या सगळ्याला पंधरा वर्षांत आपला वैयक्तिक क्रमांक जोडला गेला असण्याची शक्यता फार मोठी आहे. ओटीपी आपल्या फोनवर येत राहिले, तर नव्या खजिनदारांना प्रत्येक वेळी आपल्या दारात यावे लागेल, आणि आपण गावाला गेलात तर काम अडेल. एक दुपार काढून प्रत्येक ठिकाणचा क्रमांक बदलून घ्या आणि बदलल्याची तारीख यादीत लिहा. बँकेतील सह्यांचा बदल नव्या समितीच्या ठरावाशिवाय होत नाही, तेव्हा तो ठराव पहिल्याच बैठकीत करून घेण्याची त्यांना आठवण द्या.

टाकीच्या कामाच्या दिवसांतील पत्नीचे आजारपण पत्रात ठेवावे का? माझ्या मते ठेवावे, पण त्यांना विचारून, आणि वाक्य फिरवून. आपण किती सोसले हे सांगण्याऐवजी, त्या दिवसांत कोणी काय केले ते लिहा. आपण रुग्णालयात असताना कोणीतरी टँकरची वेळ सांभाळली असेल, कोणी कंत्राटदाराजवळ उभे राहिले असेल, वॉचमनने रात्री पंप चालू-बंद केला असेल. त्यांची नावे घ्या आणि प्रत्येकाच्या नावापुढे त्याचे ते एक काम लिहा. ‘सर्व सभासदांचे सहकार्य लाभले’ या वाक्याने कोणालाच काही मिळत नाही, आणि नावांची नुसती लांबलचक यादी केली की राहून गेलेले एक नाव कायमचे मनाला लावून घेते. आपल्या पत्नीचे नावही त्यात असू द्या. सभासदांचे फोन रात्री-अपरात्री त्यांनीही उचलले असणार.

शेवटच्या ओळीबद्दल मी थोडी कठोर होते, त्याबद्दल राग मानू नये. ‘केव्हाही हाक मारा’ असे लिहिलेत, तर लोक खरोखरच हाक मारतील. पार्किंगचा वाद, गळती, थकबाकीची नोटीस, सगळे पूर्वीप्रमाणे आपल्याकडे येईल आणि नवे अध्यक्ष पहिल्या महिन्यापासूनच नामधारी ठरतील. त्याऐवजी मुदत घाला: ‘पुढील तीन महिने जुन्या कामांविषयी समितीला काही विचारायचे असल्यास सचिवांमार्फत विचारावे, मी माहिती देईन. सभासदांनी आपल्या तक्रारी कृपया थेट नव्या समितीकडे द्याव्यात.’ तरीही कोणी जिन्यात गाठलेच, तर ऐकून घ्या आणि सचिवांचे दार दाखवा. व्हॉट्सॲप ग्रुपचे ॲडमिनपद पत्राच्या दिवशीच नव्या सचिवांना द्या.

क्रम असा ठेवा: आधी कार्यभाराच्या यादीवर सह्या, मग पत्र. पत्राचा मसुदा नव्या अध्यक्षांना एकदा वाचायला द्या, म्हणजे बाकी कामांबद्दल त्यांना सभासदांसमोर अवघडल्यासारखे होणार नाही. लांबी दीड पानाच्या वर नको. सोसायटीचे लेटरहेड वापरू नका, कारण सूत्रे दिल्यावर ते वापरण्याचा अधिकार आपला राहत नाही. साध्या कागदावर लिहा, सहीखाली आपले नाव आणि सदनिका क्रमांक घाला, आणि एक प्रत सूचना फलकासाठी सचिवांकडे द्या.

आपली,
ताई