४९ अक्षांशाची सीमा खरंच ४९ वर आहे का?

*«मुलीकडे सिएटलला आलोय. ब्लेनला पीस आर्चपाशी अमेरिका-कॅनडा सीमेवर उभं राहून मोबाईलचं जीपीएस पाहिलं तर ४९.००२ दिसलं. तहात बरोबर ४९ अंश लिहिलंय ना? मग चूक मोबाईलची की सीमेची? आणि तहानंतर अशी रेषा जमिनीवर आखतात तरी कशी?»*

मोबाईल बरोबर आहे. सीमा तिथे ४९ अंशांच्या सुमारे २३० मीटर उत्तरेला आहे. तरीही कायद्याने सीमा तीच. माझी सगळी नोकरी जमीनमोजणीत गेली, त्यामुळे यात मला नवल वाटत नाही, पण कारण मजेदार आहे.

तह करणारे नकाशावर बोट ठेवून एक वाक्य लिहितात. १८४६ च्या तहात ते असं होतं: रॉकी पर्वतापासून पश्चिमेला ४९ व्या अक्षवृत्तावरून, व्हँकुव्हर बेट आणि मुख्य भूमी यांच्यामधल्या खाडीच्या मध्यापर्यंत, आणि तिथून पुढे दक्षिणेला खाडीच्या मधून. (त्या खाडीत बेटं होती आणि वाटा एकाहून जास्त. कुठल्या वाटेच्या मधून, हे लिहायचं राहिलं. सान हुआन बेटांचा तो वाद शेवटी १८७२ साली जर्मन सम्राटाने मिटवला.) हे वाक्य म्हणजे सीमानिर्धारण. ते जमिनीवर उतरवणं म्हणजे सीमांकन, आणि त्यासाठी दोन्ही देश आपापला आयुक्त नेमतात. त्याच्या हाताखाली खगोलवेत्ते, मोजणीदार, झाडं तोडणारे असतात. इथे अमेरिकेचा आयुक्त आर्चिबाल्ड कँपबेल आणि ब्रिटिशांचा कर्नल हॉकिन्स. काम १८५७ ते १८६२ चाललं. रॉकीच्या पूर्वेची, १८१८ च्या करारातली रेषा नंतर १८७२ पासून आखली गेली.

आता जंगलात ४९ अंश शोधायचे कसे? ताऱ्यांवरून. खस्वस्तिक दुर्बीण नावाचं यंत्र असतं. डोक्यावरच्या बिंदूच्या उत्तरेला एक आणि दक्षिणेला जवळपास तितक्याच अंतरावर दुसरा, अशी ताऱ्यांची जोडी निवडायची आणि दोन्ही तारे मध्यान्हवृत्त, म्हणजे डोक्यावरून जाणारी उत्तर-दक्षिण रेषा, ओलांडताना डोक्यावरच्या बिंदूपासूनच्या त्यांच्या अंतरातला फरक तेवढा मोजायचा. हवेमुळे किरण वाकतो ती चूक दोन्हीकडे सारखीच, म्हणून ती कटते. ताऱ्यांची स्थानं कोष्टकात असतातच, त्यावरून अक्षांश निघतो. एक विकला, म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग, जमिनीवर साधारण ३१ मीटर भरते, आणि अनेक रात्री अनेक जोड्या घेतल्या की चूक विकलेच्या अंशावर येते. पूर्वेकडच्या प्रेअरीत अशी ठाणी साधारण वीस-वीस मैलांवर होती.

ठाण्यांच्या मधली रेषा काढणंही दिसतं तितकं सोपं नाही. ठाण्यावरून दुर्बीण नेमकी पूर्वेला रोखून सरळ चालत गेलात, तर तुम्ही अक्षवृत्तावर राहत नाही, हळूहळू दक्षिणेला घसरता, कारण अक्षवृत्त हे गोलावरचं वळण आहे. एक मैल गेल्यावर घसरण जेमतेम २३ सेंटीमीटर. पण ती अंतराच्या वर्गाने वाढते, त्यामुळे वीस मैलांवर ती ९३ मीटर होते. म्हणून सरळ रेषा आधी आखायची आणि ठरावीक अंतरावर काटकोनात उत्तरेला हिशेबाने मोजून खूण ठोकायची.

असं करत पुढच्या ठाण्याला पोचलं की खरी गंमत. हिशेबाने आलेला बिंदू आणि तिथल्या खगोलवेत्त्याने ताऱ्यांवरून काढलेला बिंदू जुळेनात. फरक कधीकधी शेकडो फुटांचा. कोणी निष्काळजी नव्हतं, फसवत होता तो ओळंबा. डोक्यावरचा बिंदू ठरतो पाणसळीने, आणि पाणसळ गुरुत्वाकर्षण सांगेल ते ऐकते. जवळ पर्वत असेल किंवा जमिनीखालच्या खडकाची घनता कमीजास्त असेल, तर ओळंबा किंचित तिकडे ओढला जातो. आपल्याकडे सर्व्हेयर जनरल एव्हरेस्टच्या काळात हेच झालं होतं. कल्याणपूर आणि कलियाना या दोन ठाण्यांमधलं अंतर त्रिकोणांच्या साखळीने एक आणि ताऱ्यांनी दुसरंच येत होतं, फरक सव्वापाच विकलांचा, म्हणजे सुमारे १६० मीटर. हिमालयाची ओढ हे कारण कलकत्त्याच्या चर्चचा वरिष्ठ धर्माधिकारी आर्चडीकन प्रॅट याने गणिताने तपासलं, तर हिशेबात ती ओढ जवळपास तिप्पट यायला हवी होती. त्यातूनच पर्वतांना खोल मुळं असतात हा विचार पुढे आला.

ब्लेनला ओळंबा साडेसात विकला उत्तरेला ओढला गेलाय. उत्तरेला कोस्ट पर्वतरांग आहेच. मोबाईल अक्षांश काढतो उपग्रहांवरून, पृथ्वीचा एक गुळगुळीत गणिती आकार धरून. त्याला ओळंब्याशी देणंघेणं नाही. तुम्ही पाहिलेला फरक हा.

मग प्रेअरीतल्या आयुक्तांसमोर प्रश्न आला. सगळ्या ठाण्यांची सरासरी काढून एकच सुबक अक्षवृत्त धरायचं, की प्रत्येक ठाण्याला जे आकाशाने दिलं ते मानायचं? त्यांनी दुसरं निवडलं, आणि माझ्या मते तेच शहाणपणाचं. सरासरीसाठी सगळं काम संपेपर्यंत एकही खांब पक्का करता आला नसता. दोन ठाण्यांमधला फरक मधल्या खुणांवर अंतराच्या प्रमाणात वाटून टाकला. म्हणून ही सीमा नकाशात सरळ दिसली तरी प्रत्यक्षात बारीक नागमोडी आहे.

खुणांचं म्हणाल तर मॅनिटोबात मैलामैलावर ओतीव लोखंडी खांब, पुढे पश्चिमेला मातीचे किंवा दगडांचे ढीग, साधारण तीन मैलांवर. पॅसिफिकच्या टोकाला, पॉइंट रॉबर्ट्सला, दगडी स्तंभ. डोंगराळ जंगलात पहिल्या वेळी सलग पट्टा तोडलाच नव्हता, नद्या-पायवाटा ओलांडतात तिथेच तोडला होता. तो पन्नास वर्षांत पुन्हा झाडीने भरला. त्यात भर म्हणजे अमेरिकेचा अंतिम अहवाल गहाळ झाला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जुने ढीग शोधून पुन्हा मोजणी करावी लागली. तेव्हा ‘खरे’ ४९ अंश शोधत बसले नाहीत. जुन्या ढिगाचा मध्य सापडला की नवा धातूचा खांब तिथेच, आणि मधे आणखी खांब.

आमच्याकडे हद्द कायम करायला गेलं की गावातला म्हातारा म्हणायचा, ‘साहेब, नकाशा राहू द्या, बांधावरचा दगड बघा.’ सीमेचंही तसंच. दोन्ही आयुक्तांनी सही केली की खांब तहातल्या आकड्यापेक्षा वरचढ. १९२५ च्या तहाने तर वळणही काढून टाकलं: लगतच्या दोन खांबांमधली सीमा सरळ रेषाच. तीन मैलांवरच्या खांबांमध्ये त्यामुळे रेषा मधोमध अर्धा मीटर उत्तरेला, कॅनडाच्या बाजूला गेली.

खांब हलला की नाही हे कसं कळतं? जवळच संदर्भखुणा असतात आणि प्रत्येक खांबाचे सहनिर्देशक नोंदलेले असतात. दोन्हीवरून खांब परत त्याच जागी बसवता येतो. आणि जंगलात दोन्ही बाजूंना तीन-तीन मीटर असा सहा मीटरचा पट्टा दोन्ही देशांचा संयुक्त सीमा आयोग अजूनही तोडून मोकळा ठेवतो. ब्लेनहून पूर्वेला डोंगरात गेलात तर तो लांबूनही दिसेल, झाडीत भांग पाडल्यासारखा.