रविवारचा फोन गावाच्या घड्याळावर बांध

"दादा, ऑगस्ट २०२६ मध्ये शिकागोला चाललोय. आई-अण्णा परभणीजवळच्या गावात, ताई म्युनिकला. दर रविवारी सगळ्यांनी एकत्र बोलायचं तर वेळ कशी बसवायची? दर वेळी बोटं मोजायची नाहीत मला."

वेळ शोधणं सोपं आहे. timeanddate.com वर Meeting Planner मध्ये तिन्ही ठिकाणं आणि तारीख टाक. परभणीऐवजी मुंबई टाकलीस तरी चालतं. गावातले संध्याकाळचे साडेसात सगळ्यांना जमतील: ऑगस्टात तुझे सकाळचे नऊ, ताईचे दुपारचे चार.

खरा घोळ होतो तो ही वेळ कॅलेंडरमध्ये टाकताना. मी पहिल्या हिवाळ्यात इथं बसून ‘दर रविवारी सकाळी ८’ असं टाकलं आणि ते शिकागोच्या घड्याळाला बांधलं गेलं. मार्चच्या दुसऱ्या रविवारी इथली घड्याळं तासभर पुढं सरकली. माझे आठ आठच राहिले, पण गावात साडेसातचे साडेसहा झाले. ती धारेची वेळ. आई गोठ्यात, अण्णा दूध घालायला गेलेले, फोन देवळीत वाजतोय. साडेसातला दोघं फोन पुढ्यात घेऊन बसले, तेव्हा मी भाजी आणायला बाहेर. चूक माझीच होती.

म्हणून फोन गावाच्या घड्याळावर बांधायचा. भारतात घड्याळ कधी मागंपुढं होत नाही, आणि आई-अण्णा काही कॅलेंडर उघडून बघणार नाहीत. गूगल कॅलेंडरमध्ये कॉम्प्युटरवर नोंद करताना वेळेशेजारी Time zone दिसतं. तिथं India Standard Time - Kolkata निवड, मग ‘दर आठवड्याला’ कर आणि ताईला त्यातच बोलाव. नुसतं CST किंवा IST बघून काही निवडू नकोस. CST चीनचीही आहे, IST इस्राएलचीही. शहराचं नाव बघ. त्यापेक्षा ही नोंद निघायच्या आधी, घरी बसूनच कर. मग ती आपोआप भारताच्या वेळेवर बसते.

आता नीट बसलंय का, हे तपासायला ऑक्टोबर-नोव्हेंबर उघड. युरोपची घड्याळं ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागं जातात, अमेरिकेची नोव्हेंबरच्या पहिल्या. त्यामुळं २५ ऑक्टोबरला ताईचे तीन होतील, तुझे मात्र नऊच. १ नोव्हेंबरला तुझे आठ. गावात दोन्ही दिवशी साडेसातच दिसले पाहिजेत. मार्चमध्ये हीच गंमत उलटी आणि लांब चालते: तू आधी पुढं जातोस, ताई महिन्याच्या शेवटच्या रविवारी. सेटिंगमध्ये Display secondary time zone चालू करून तिथं कोलकाता ठेव, म्हणजे दोन्ही वेळा शेजारी शेजारी दिसतील.

थंडीत तुला रविवारी आठला उठावं लागेल, त्याला इलाज नाही. आणि शेतीच्या लाईटची पाळी रात्रीची असली तर अण्णा मोटर चालू करायला शेतात जातील. ते कॅलेंडरमध्ये बसत नाही. शनिवारी आईला विचारून घेत जा.