शिल्लक मालाचा एकच आकडा नीट वाचा

ताळेबंद शिकताना गृहीतकांच्या व्याख्या पाठ करण्याआधी शिल्लक मालाचा आकडा तपासून पाहा. समजा, व्यापाऱ्याने 100 नग प्रत्येकी 50 ला आणि नंतर 100 नग 60 ला घेतले, त्यातले 100 विकले. आधी आलेला माल आधी गेला असे धरले, तर शिल्लक 6,000 ची. सरासरी भावाने धरली, तर 5,500 ची. माल तोच, विक्री तीच, तरी नफ्यात 500 चा फरक. म्हणून एकदा निवडलेली पद्धत दरवर्षी तीच ठेवायची, हे सातत्य. सबळ कारणाने ती बदललीच, तर बदल आणि नफ्यावरचा परिणाम टिपणीत लिहावा लागतो. नफा अचानक वाढलेला दिसला की मी आधी तीच टीप वाचतो.

आता शिल्लक 6,000 ची आहे, पण विक्रीखर्च वजा जाता नगाला 52 च मिळणार असतील, तर 5,200 दाखवा. 70 मिळणार असतील तरी 6,000 च, कारण नफा अजून हाती आलेला नाही. ही सावधगिरी. मात्र मुद्दाम 4,000 दाखवणे ही सावधगिरी नव्हे. त्याने यंदाचा नफा दडतो आणि पुढच्या वर्षी फुगून वर येतो.

हे सगळे व्यवसाय चालू राहणार या गृहीतावर उभे आहे. तो लवकरच बंद होणार असेल, तर घाईच्या विक्रीत मिळेल तोच भाव खरा. तो 30 असेल, तर शिल्लक 3,000 चीच.