बारावी फिजिक्स प्रॅक्टिकल: मीटर ब्रिजवरचे चार प्रश्न

ताईकडून मागच्या वर्षीचं जर्नल मिळालंय. त्यातली रीडिंग्ज पाठ केली तर चालेल ना?

नाही. परीक्षेला वायर वेगळी मिळणार, म्हणजे नल पॉइंटही वेगळ्या जागी येणार. त्या जर्नलमधला तक्ता मात्र कामाचा आहे. आकडे झाकायचे, कोऱ्या कागदावर रकाने एककांसकट आखायचे: R, lx, lr, X. मग ताईचे R आणि lx घेऊन X स्वतः काढायचा, लॉग टेबल वापरून. परीक्षेत वेळ जातो तो तिथेच.

X डाव्या गॅपमध्ये असताना 2.97 आला, उजव्या गॅपमध्ये 3.04. माझं काय चुकलं?

काहीच नाही. R = 4 Ω धरला, तर पहिल्यांदा lx 42.6 सेमी आणि lr 57.4 असणार, अदलाबदलीनंतर 43.2 आणि 56.8. वायर जिथे तांब्याच्या पट्टीला जोडलेली असते, तिथे थोडा जास्तीचा रोध असतो. मोजपट्टीचा शून्यही वायरच्या टोकाशी नेमका जुळतोच असं नाही. गॅप बदलले की हा दोष उलट बाजूने लागतो, म्हणून सरासरी 3.01 Ω लिहायची. दोन्ही उत्तरं तंतोतंत सारखी दिसली, तर परीक्षकाला आधी शंका येते ती तक्ता घरून आल्याची!

जॉकी कुठेही टेकवली तरी काटा एकाच बाजूला जातो.

कुठलीतरी एक भुजा तुटलेली आहे. बहुतेक वेळा गॅपचा स्क्रू सैल असतो. रेझिस्टन्स बॉक्समधून काढलेली प्लग सोडून बाकीच्या पिळून घट्ट बसवा. सैल प्लग नकळत R वाढवते. मग जॉकी दोन्ही टोकांना टेकवून पाहा. काटा विरुद्ध बाजूंना गेला तरच रीडिंगला सुरुवात करा. जॉकी घासू नका, वायर झिजून असमान होते.

व्हायव्हात चुकांची कारणं विचारली की मी 'पॅरॅलॅक्स' म्हणते. सर म्हणतात, आणखी सांग.

आकडा सांग. लांबीत 0.1 सेमीची चूक धरली, तर 42.6 आणि 57.4 वर X मध्ये सुमारे 0.4 टक्के चूक येते. तोच नल पॉइंट 10 सेमीवर असता, तर 1.1 टक्का. R असा निवडायचा की नल पॉइंट मधल्या भागात पडेल, त्याचं कारण हे.

खरी गोम पुढे आहे. विशिष्ट रोध काढताना व्यासाचा वर्ग येतो. व्यास 0.40 मिमी आणि स्क्रू गेजचं लघुतम माप 0.01 मिमी, म्हणजे व्यासात अडीच टक्के आणि उत्तरात पाच! 80 सेमी वायरसाठी उत्तर 4.7 × 10⁻⁷ Ω·m येतं. ते 4.728 असं लिहिलंस, तर शेवटच्या दोन अंकांना काही अर्थ नाही. ब्रिजवर अर्धा तास घालवून व्यास एकदाच मोजणारी मुलं मी दरवर्षी बघतो. व्यास निदान तीन ठिकाणी मोज, प्रत्येक ठिकाणी काटकोनातल्या दोन दिशांनी, आणि त्याआधी स्क्रू गेजची शून्य त्रुटी वहीत लिही.