मेंदूतलं पाणी नेमकं कुठे अडतं?

प्रश्न: बहीण 32 वर्षांची आहे. महिनाभर डोकं दुखतंय, सकाळी उठल्यावर जास्त. एमआरआयच्या रिपोर्टमध्ये ‘दोन्ही लॅटरल आणि तिसरं व्हेंट्रिकल मोठं, चौथं नॉर्मल’ असं लिहिलंय. गाठ कुठेच नाही म्हणतात. मग झालंय काय?

अर्धं निदान त्या एका ओळीतच आहे. मेंदूत चार पोकळ्या असतात, त्यांनाच व्हेंट्रिकल म्हणतात. उजव्या-डाव्या गोलार्धात एकेक लॅटरल, मधोमध तिसरं आणि मागे, मेंदूच्या देठाजवळ, चौथं. या पोकळ्यांच्या भिंतींना कोरॉइड प्लेक्सस नावाची रक्तवाहिन्यांची झालर असते आणि सीएसएफ हा द्रव प्रामुख्याने तिथेच तयार होतो. लॅटरलमधला द्रव मन्रोच्या छिद्रांतून तिसऱ्यात येतो, तिथून एका अरुंद नळीतून चौथ्यात जातो. चौथ्याला बाहेर पडायला तीन छिद्रं आहेत. त्यांतून तो मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीच्या आवरणांमधल्या जागेत पसरतो आणि शेवटी मुख्यतः डोक्याच्या माथ्याखालच्या मोठ्या शिरेत शोषला जातो.

आता रिपोर्ट पुन्हा वाचा. तिसरं फुगलंय, चौथं नाही, म्हणजे अडथळा त्या दोघांच्या मधे आहे. मधे फक्त ती नळी आहे, सिल्व्हियसचा अ‍ॅक्विडक्ट. तिची लांबी साधारण दीड सेंटिमीटर आणि रुंदी जेमतेम एक-दोन मिलिमीटर. काहींची ती जन्मतःच अरुंद असते आणि वर्षानुवर्षं कसंबसं निभावून जातं. मग विशी-तिशीत किंवा त्याहीनंतर ते निभेनासं होतं. गाठ नसणं ही चांगलीच बातमी, पण नळीच्या आसपासची बारीक गाठ साध्या एमआरआयमध्ये निसटू शकते. त्या भागाचे पातळ काप घेतले आहेत का, एवढं विचारून घ्या. रात्री आडवं झाल्यावर डोक्यातला दाब वाढतो, म्हणून दुखणं सकाळी जास्त. सोबत उलट्या, नजर धूसर होणं किंवा झापड येणं सुरू झालं तर पुढच्या भेटीची वाट पाहू नका, त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

प्रश्न: शस्त्रक्रिया करण्याऐवजी हे पाणी कमी तयार होईल असं औषध देता येत नाही का? निदान पाणी कमी प्यायचं?

पिण्याच्या पाण्याचा इथे काही संबंध नाही, ते बिनधास्त प्या. औषधाचं मात्र नीट समजून घेण्यासारखं आहे.

सीएसएफ मिनिटाला साधारण 0.35 मिलिलिटर तयार होतो. म्हणजे तासाला 21 आणि दिवसाला 500 मिलिलिटर. एका वेळी शरीरात तो असतो दीडशे मिलिलिटरच्या आसपास, म्हणजे दिवसातून तीनेकदा सगळा बदलून होतो. खरी मेख अशी की डोक्यातला दाब थोडाफार वाढला म्हणून कोरॉइड प्लेक्सस काम थांबवत नाही. त्याच्या पेशी सोडियम सक्रियपणे पंप करतात आणि त्यामागे पाणी येतं. शोषण मात्र दाबावर चालतं. शिरेतल्या दाबापेक्षा द्रवाचा दाब जितका जास्त, तितकं शोषण जास्त.

यावरून एक सोपं गणित मांडता येतं. डोक्यातला दाब म्हणजे तयार होण्याचा वेग गुणिले शोषणाच्या वाटेतला विरोध, अधिक शिरेतला दाब. निरोगी माणसात विरोध 10 आणि शिरेतला दाब 6 धरला, तर 0.35 गुणिले 10 म्हणजे 3.5, अधिक 6, एकूण 9.5 मिलिमीटर पारा. विरोध दुप्पट झाला तर हाच दाब 13 होतो. अ‍ॅसिटाझोलामाइड हे औषध निर्मिती कमी करतं. ती अगदी निम्म्यावर आली असं मानलं, तर दाब परत 9.5 वर येतो. काही आजारांत या औषधाचा उपयोग होतो, तो यामुळेच.

पण वरच्या प्रश्नातल्यासारखी वाटच बंद झाली असेल, तर हे गणितच लागू पडत नाही. द्रव शोषणाच्या जागेपर्यंत पोचतच नाही. निर्मिती निम्मी केली तरी तासाला दहा मिलिलिटर आत साचायचेच. थोडा द्रव पोकळीच्या भिंतीतून मेंदूत झिरपतो (एमआरआयमध्ये पोकळीच्या कडेला दिसणारी पांढरी किनार हीच), पण ती काही खरी वाट नव्हे. औषधाने फार तर थोडा अवधी मिळतो. माझ्या मते अशा रुग्णाला गोळ्यांवर घरी ठेवणं धोक्याचं आहे.

प्रश्न: ओळखीच्या एकांना कमरेत सुई टोचून पाणी काढलं होतं. माझ्या भावाच्या बाबतीत डॉक्टर ठाम नको म्हणाले. असं का?

तुमच्या भावाच्या पोकळ्यांची वाट बंद असेल तर डॉक्टरांचं बरोबर आहे. कमरेतला द्रव आणि मेंदूतला द्रव एकमेकांना जोडलेले असतील तर सुईने दोन्हीकडचा दाब एकदम उतरतो. वर अडथळा असेल तर फक्त खालचा उतरतो. मग वरचा दाब मेंदूला खाली ढकलतो आणि श्वास चालवणारा भाग कवटीच्या तळाच्या छिद्रात दाबला जाऊ शकतो. म्हणून आधी स्कॅन, मग सुई.

प्रश्न: शंट न घालता दुर्बिणीने छिद्र पाडायचं ठरलंय. छिद्र नक्की कुठे पाडतात? ते बुजलं तर?

शंट म्हणजे साचलेला द्रव बहुधा पोटात वाहून नेणारी नळी. तिच्याऐवजी इथे कवटीला पुढच्या बाजूने बोटभर भोक पाडून दुर्बीण लॅटरल व्हेंट्रिकलमध्ये उतरवतात. आत गुलाबी कोरॉइड प्लेक्सस दिसतो. त्याच्या मागाने गेलं की मन्रोचं छिद्र सापडतं आणि तिथून तिसऱ्याचा तळ. तळाशी मागे दोन फिकट उंचवटे, पुढे एक लालसर खळगा आणि मधे ताणलेला पातळ पडदा. तो इतका पातळ होतो की पुष्कळदा त्याखालची मोठी धमनी आरपार दिसते. त्या धमनीला टाळून पडदा भेदायचा आणि बारीक फुग्याने छिद्र रुंद करायचं. छिद्राच्या कडा नाडीबरोबर फडफडू लागल्या की द्रव वाहतोय असं समजतात. अडलेली नळी बाजूलाच राहते, पण पुढची शोषणाची वाट शाबूत असल्याने काम भागतं. अगदी तान्ह्या बाळांत यश कमी मिळतं. छिद्र कधीकधी बुजतं, बहुधा पहिल्या काही महिन्यांत, पण क्वचित काही वर्षांनी अचानकही. त्यामुळे जुनी डोकेदुखी आणि उलट्या परत आल्या तर ‘शस्त्रक्रिया झालीय, आता काय होणार’ असं म्हणून बसू नका.

प्रश्न: वडील 74 वर्षांचे. पाय जमिनीला चिकटल्यासारखे चालतात, विसरतात, लघवीला पोचेपर्यंत दम धरवत नाही. एक डॉक्टर शंट घाला म्हणतात, दुसरे म्हणतात वयामुळे मेंदू आकसलाय. कोणाचं ऐकायचं?

दोन्ही शक्य आहे आणि स्कॅनमध्ये दोन्हीकडे पोकळ्या मोठ्याच दिसतात. मेंदू आकसला असेल तर माथ्याकडच्या घड्यांमधल्या फटीही रुंद होतात. नॉर्मल प्रेशर हायड्रोसेफेलस म्हणजे दाब फारसा न वाढता पोकळ्यांत पाणी साचण्याचा आजार. त्यात माथ्याकडच्या घड्या उलट दाटलेल्या दिसतात. तुम्ही सांगितलेली लक्षणं याच आजाराची आहेत, विशेषतः चालणं विसरण्याच्या आधी बिघडलं असेल तर.

इथे वाट उघडी असते, म्हणून कमरेतून 30 ते 50 मिलिलिटर द्रव काढून पाहतात. त्याआधी दहा मीटर चालायला किती पावलं आणि किती सेकंद लागले ते मोजायचं. काढल्यावर काही तासांनी पुन्हा, शक्यतो दुसऱ्या दिवशीही. तुम्ही स्वतः मोबाइलवर दोन्ही वेळचं चालणं टिपून ठेवा, वळतानाची पावलं खास. चालणं स्पष्ट सुधारलं तर शंटचा उपयोग होण्याची शक्यता चांगली. सुधारलं नाही तर मात्र शंट निरुपयोगी असं सिद्ध होत नाही. तेव्हा कमरेत बारीक नळी ठेवून दोन-तीन दिवस द्रव काढत पाहण्याची चाचणी करता येते का, ते दोन्ही डॉक्टरांना विचारा.